कापलेला कर गेला कुठे?

मैत्रिणींनो, घर किंवा प्लॉट विकताना आपलं सगळं लक्ष मोठ्या रकमेकडे असतं. भाव किती ठरला, चेक वटला का, खरेदीखतात चतुःसीमा बरोबर आल्या का. या गडबडीत एक छोटी रक्कम आपल्या हातात न येताच बाजूला पडते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. ती म्हणजे खरेदीदाराने कापून घेतलेला टीडीएस. ‘तो सरकारात भरला जातो, त्याचं आपण काय बघायचं?’ असं वाटणं साहजिक आहे. पण तो भरलाच गेला नाही तर? पैसे त्याच्या खिशात आणि नोटीस आपल्या दारात! तालुक्याच्या गावी गेली वीस वर्षं मी करसल्लागार म्हणून काम करते. गेल्या काही वर्षांत या एका कारणाने माझ्याकडे येणाऱ्या बायकांची संख्या चांगलीच वाढली आहे. त्यांतल्याच एका काकूंची हकीकत आज सांगते, म्हणजे नियमही कळतील आणि त्यातून निघायची वाटही.

आधी नियम काय तो बघू. १ जून २०१३ पासून असा कायदा आहे की ५० लाख रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं घर, दुकान, फ्लॅट वा प्लॉट विकत घेणाऱ्याने किमतीच्या १ टक्का रक्कम कापून घ्यायची आणि ती विकणाऱ्याच्या नावाने सरकारकडे भरायची. गावाकडची शेतजमीन यातून वगळली आहे. १ एप्रिल २०२२ पासून ठरलेला भाव आणि मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर हा टक्का काढतात. ही कपात म्हणजे काही वेगळा कर नव्हे. घरविक्रीच्या नफ्यावर आपल्याला जो कर बसणार, त्यातलाच हा आगाऊ घेतलेला हप्ता. विवरणपत्र भरताना आपला एकूण कर काढायचा आणि त्यातून हा हप्ता वजा करायचा. या वजावटीलाच सगळे ‘क्रेडिट’ म्हणतात.

आता यात गोम अशी आहे की बाकी ठिकाणी टीडीएस कापणारा म्हणजे बँक, कंपनी नाहीतर सरकारी कचेरी. त्यांच्याकडे टॅन नावाचा वेगळा क्रमांक असतो, हिशेबनीस असतो, दर महिन्याला भरणा करायची सवय असते. घर घेणारा मात्र तुमच्या-आमच्यासारखा साधा माणूस. त्याला सोय म्हणून टॅन माफ केला आहे. नुसत्या पॅनवर ‘२६क्यूबी’ नावाचा एकच फॉर्म भरायचा, त्यातच चलन आणि त्यातच विवरण. ज्या महिन्यात कापले तो महिना संपल्यावर ३० दिवसांत पैसे भरायचे, एवढंच. पण आयुष्यात एकदाच घर घेणाऱ्या माणसाला हे एकदाच करायचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं. कधी विसरतो, कधी कुणाकुणावर सोपवतो, आणि कधी रंगरंगोटीत पैसे संपतात म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो.

काकूंचं घर

काकूंचे यजमान शाळामास्तर होते. ते गेल्यावर बाजारपेठेतलं जुनं घर काकूंच्या नावावर झालं. मुलगी कोल्हापुरात असते. एकटीने एवढं घर झाडण्यापेक्षा तिच्याजवळ लहानसा फ्लॅट घ्यावा, असं ठरवून काकूंनी ते घर विकायला काढलं. शेजारच्या गावच्या एका कापडदुकानदाराने ते ६४ लाखांना घेतलं. १४ जुलै २०२२ रोजी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखत झालं. दुकानदाराने १ टक्का म्हणजे ६४,००० रुपये कापले आणि उरलेले ६३,३६,००० रुपये काकूंच्या खात्यावर जमा केले. वकिलाने खरेदीखतातल्या पैशांच्या कलमात हे सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. त्या दोन ओळींचं मोल पुढे कळलं.

पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, काकूंच्या भाच्याने त्यांचं विवरणपत्र वेळेत भरलं. नवा फ्लॅट घेतल्यामुळे बराचसा नफा करमुक्त झाला होता. पेन्शन, व्याज आणि उरलेला नफा धरून एकूण कर ६८,६४० रुपये निघाला. त्यातून कापलेले ६४,००० वजा करून उरलेले ४,६४० रुपये त्याने ऑनलाइन भरले. हिशेब अगदी चोख होता. डिसेंबर २०२३ मध्ये आयकर खात्याकडून कलम १४३(१) ची सूचना भाच्याच्या ई-मेलवर आली, ती त्याने उघडलीच नाही. जानेवारीत काकूंच्या मोबाइलवर ‘थकबाकी’ असा मेसेज आला, तेव्हा घरात एकच धांदल उडाली. मागणी होती बरोब्बर ६४,००० रुपयांची.

काकू माझ्याकडे आल्या त्या पिशवीत सगळे कागद घेऊनच. म्हणाल्या, ‘‘अगं, जावई म्हणतात भरून टाका आणि मोकळ्या व्हा. एफडी मोडायची का?’’ मी म्हटलं, ‘‘काकू, थांबा. एकदा तुमचे कापलेत. दुसऱ्यांदा का भरायचे?’’

गडबड कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

असा कागद आला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा : पैसे भरलेच नाहीत, की भरले पण दुसरीकडे गेले? दोन्हींत आपलं क्रेडिट गायब दिसतं, पण उपाय मात्र वेगवेगळे असतात.

यासाठी बघायचा तो फॉर्म २६एएस. आपल्या पॅनवर कुणी, किती आणि कधी कर भरला याचा तो सरकारी उतारा, म्हणजे कराचा जणू सातबाराच. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर काकूंच्या नावाने लॉगिन करून e-File, मग Income Tax Returns, मग View Form 26AS असं गेल्यावर तो उघडला. त्यात घर विकणाऱ्यांसाठी एक वेगळा भाग असतो. कर भरला असता तर तिथे दुकानदाराचं नाव, व्यवहाराची रक्कम आणि ६४,००० रुपये दिसले असते. काकूंचा तो भाग कोरा होता.

गंमत म्हणजे शेजारच्याच ‘एआयएस’ नावाच्या वार्षिक माहितीपत्रकात ६४ लाखांची घरविक्री मात्र झळकत होती. कारण ३० लाख किंवा त्याहून मोठ्या किमतीच्या प्रत्येक खरेदी-विक्रीची माहिती निबंधक कार्यालय आयकर खात्याला परस्पर कळवतं. म्हणजे विक्री सरकारला माहीत, कर तेवढा सरकारला सापडत नाही. म्हणून ‘क्रेडिट नाही तर विक्रीच दाखवू नका’ असा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. ती लपत नाही, उलट मग खरोखरच आपण दोषी ठरतो.

मग दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ‘‘ताई, मी तेव्हाच भरलेत. पावती आहे माझ्याकडे.’’ पावती पाठवायला सांगितली. फोटो आला तो २६क्यूबीचाच होता. त्यावर काकूंचं नाव होतं, पॅन बरोबर होता, ६४,००० ची रक्कम होती आणि वर नऊ आकडी पोच क्रमांकही होता. कुणालाही वाटावं की झालं काम. पण त्यावर बँकेचा बीएसआर कोड नव्हता, भरणा केल्याची तारीख नव्हती आणि चलनाचा क्रमांक नव्हता. फॉर्म भरून झाला की पैसे नंतर भरण्याचा पर्याय घेता येत असे. तो घेतला की पोच क्रमांकाचा कागद निघे. तो कागद घेऊन ठरावीक दिवसांत बँकेत पैसे भरायचे, नाहीतर तो बाद. दुकानदाराने सायबर कॅफेतून कागद काढला आणि फाइलला लावला. बँकेत तो कधी गेलाच नाही.

ही खूण लक्षात ठेवा. पोच क्रमांक म्हणजे भरणा नव्हे. बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक या तिन्ही गोष्टी कागदावर असतील तरच पैसे सरकारात पोचले. या तिन्ही असूनही तुमच्या २६एएसमध्ये काही दिसत नसेल, तर मात्र पैसे दुसऱ्याच्या पॅनवर किंवा चुकीच्या वर्षात गेले असणार. तिथे खरेदीदाराने दुरुस्तीचा अर्ज करायचा, नवे पैसे भरायचे नसतात. दोघी जावांनी मिळून घर विकलं आणि खरेदीदाराने एकीच्याच नावाने सगळा कर भरला, अशीही प्रकरणं येतात. प्रत्येक विकणाऱ्याच्या नावाने वेगळा फॉर्म लागतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

क्रेडिट वेगळं, वसुली वेगळी

आता कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ, कारण इथेच बहुतेक जणी घाबरून पैसे भरतात.

आयकर कचेरीत गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘२६एएसमध्ये नाही ना, मग क्रेडिट मिळणार नाही.’’ हे त्यांचं म्हणणं नियमाला धरून आहे. कर कापला आणि सरकारकडे भरला, तरच त्याचं क्रेडिट द्यावं असं १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १९९ सांगतं. पण त्याच कायद्यात कलम २०५ आहे. ते म्हणतं की एखाद्या उत्पन्नातून कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेपुरती त्या माणसाकडे पुन्हा कराची मागणी करायची नाही. का? कारण कापणारा हा सरकारच्या वतीने वसुली करणारा असतो. त्याने पैसे पुढे दिले नाहीत, तर ते भांडण सरकारचं आणि त्याचं.

म्हणजे हे दोन वेगळे प्रश्न झाले. क्रेडिट मिळेल का? कर भरला जाईपर्यंत बहुधा नाही. मग आपल्याकडून ते वसूल करता येतील का? तर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका नोकरदाराच्या बाबतीत हेच सांगितलं. त्याच्या पगारातून मालकाने कर कापला होता, पण भरला नव्हता. न्यायालय म्हणालं, वसुली करायची ती मालकाकडून करा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी आणि पुन्हा ११ मार्च २०१६ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना लेखी कळवलं की अशा मागणीसाठी करदात्यामागे सक्तीची वसुली लावू नये. कचेरीत जाताना या दोन तारखा चिठ्ठीवर लिहून न्या.

पण या संरक्षणाला एक मोठी अट आहे. कर खरोखर कापला गेला होता, हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे. खरेदीदाराने पूर्ण ६४ लाख दिले असते आणि टीडीएस कापलाच नसता, तर काकूंना कलम २०५ चा काही उपयोग झाला नसता. पूर्ण पैसे मिळाले म्हणजे पूर्ण कर आपणच भरायचा. म्हणून सगळा जोर ‘कापला’ या एका शब्दावर आहे. काकूंकडे त्याचे दोन पक्के पुरावे होते. एक म्हणजे खरेदीखतातल्या त्या दोन ओळी. दुसरा पासबुकाचा उतारा, ज्यात ६३,३६,००० हीच रक्कम जमा दिसत होती. ६४ लाखांतून ती वजा केली की बरोब्बर ६४,००० उरतात. याहून साधा पुरावा कोणता असणार?

आणखी एक मर्यादाही सांगते. सक्तीची वसुली झाली नाही तरी मागणी संकेतस्थळावर तशीच पडून राहते. पुढच्या वर्षी आपला काही परतावा निघाला, तर खातं त्यातून ही थकबाकी वळती करायला बघतं. तेही करता येणार नाही असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे. पण निकाल आपल्या बाजूने असणं वेगळं आणि संगणकाने ते ऐकणं वेगळं. म्हणून नुसतं ‘मला संरक्षण आहे’ म्हणून स्वस्थ बसायचं नाही. मागणी मुळातून काढून टाकायची.

काय काय केलं?

पहिलं काम म्हणजे मागणीला उत्तर. संकेतस्थळावर Pending Actions मध्ये Response to Outstanding Demand असा पर्याय असतो. तिथे ‘मागणी बरोबर आहे’ आणि ‘मान्य नाही’ असे दोन रस्ते निघतात. घाईत ‘बरोबर आहे’ वर टिचकी मारली की नंतर नाही म्हणता येत नाही. आम्ही Disagree with demand निवडलं आणि खाली कारण लिहिलं, की खरेदीदाराने १४ जुलै २०२२ रोजी ६४,००० रुपये कापले, भरले नाहीत, कलम २०५ प्रमाणे मागणी माझ्याकडे करता येत नाही. खरं तर असं उत्तर सूचना आल्यापासून ३० दिवसांत द्यावं. त्यानंतर दरमहा १ टक्का व्याज चढू लागतं. काकूंना थोडा उशीर झाला होता, पण उत्तर तरीही देता येतं आणि द्यावंच.

दुसरं काम म्हणजे कागदावर अर्ज. काकूंच्या भागाच्या आयकर अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिलं. त्यात तेच चार मुद्दे, दुकानदाराचं नाव, पत्ता आणि पॅन. पॅन शोधायला फार लांब जावं लागलं नाही, तो खरेदीखतावरच असतो. सोबत खरेदीखताची प्रत, पासबुकाचं पान आणि तो अर्धवट २६क्यूबीचा कागद जोडला. दुकानदाराने स्वतः भरलेल्या फॉर्मवर ‘कापलेला कर ६४,०००’ असं लिहिलेलं होतं. पैसे भरल्याचा तो पुरावा नव्हता, पण कापल्याचा मात्र त्याच्याच हातचा कबुलीजबाब होता! पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. शिक्क्याशिवाय प्रत घेऊन घरी येऊ नका, ती रद्दीच समजा.

तिसरं काम दुकानदाराशी बोलण्याचं. भांडायला गेलो असतो तर त्याने फोन बंद ठेवला असता. मी त्याला त्याचाच हिशेब कागदावर मांडून दाखवला. कापलेला कर भरला नाही तर कापल्याच्या महिन्यापासून दरमहा दीड टक्का व्याज लागतं, आणि अर्धा महिनाही पूर्ण धरतात. जुलै २०२२ ते मार्च २०२४ असे २१ महिने झाले, म्हणजे २०,१६० रुपये. शिवाय विवरण उशिरा दिल्याबद्दल रोज २०० रुपये शुल्क. त्याची भरण्याची मुदत ३० ऑगस्ट २०२२ ला संपली होती. हे शुल्क मूळ कराच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही, पण २०० रुपयांप्रमाणे ३२० दिवसांतच ६४,००० होतात. म्हणजे जुलै २०२३ मध्येच त्याचे शुल्क वरच्या टोकाला पोचलं होतं. सगळं मिळून ६४,००० चे झाले १,४८,१६०.

तो कागद बघून दुकानदार बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘एवढं? मला वाटलं काकूंना नोटीस आली म्हणजे त्याच भरतील.’’ मी म्हटलं, ‘‘शेठ, काकूंनी भरलं तरी तुमचं व्याज आणि शुल्क सुटत नाही. आणि कर कापून भरला नाही तर कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे.’’ हे मी धमकी म्हणून सांगितलं नाही. जुन्या कायद्याच्या कलम २७६बी मध्ये ३ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी लिहिलेली आहे. एवढं बोलून मी उठले. आठवडाभराने तेच सगळं काकूंच्या सहीने लेखी, रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं. कापल्याची कबुली आणि पैसे भरण्याची विनंती, दोन्ही त्यात होतं.

२० मार्च २०२४ ला त्याने नवा २६क्यूबी भरला आणि या वेळी व्याजासकट पैसे त्याच दिवशी ऑनलाइन भरले. उशिराच्या शुल्काचं काय ते तो आणि खातं बघून घेणार होते. काही दिवसांत काकूंच्या २६एएसमधला कोरा भाग भरला. दुकानदाराने ट्रेसेस या सरकारी संकेतस्थळावरून काढलेलं फॉर्म १६बी, म्हणजे कपातीचं प्रमाणपत्र, आणून दिलं. मग आम्ही कलम १५४ खाली दुरुस्तीचा ऑनलाइन अर्ज केला. त्यात Reprocess the return एवढंच निवडायचं असतं. विवरणपत्र पुन्हा भरावं लागत नाही, कारण आपण लिहिलेलं आधीच बरोबर होतं. मे महिन्यात नवा आदेश आला. मागणी शून्य, व्याजही शून्य. काकूंची एफडी जागेवर राहिली.

या दुरुस्तीला मुदत किती, असं विचाराल. ज्या आर्थिक वर्षात मूळ आदेश निघाला ते वर्ष संपल्यापासून चार वर्षं. काकूंचा आदेश डिसेंबर २०२३ चा, म्हणजे ३१ मार्च २०२८ पर्यंत. त्यामुळे खरेदीदाराने वर्ष-दीड वर्षाने जरी पैसे भरले, तरी आपलं दार बंद झालेलं नसतं.

आणि त्याने भरलेच नाहीत तर? परगावी निघून गेला, धंदा बुडाला, फोन उचलत नाही, असंही घडतं. तेव्हा खरेदीदाराच्या पॅनसह लेखी तक्रार आयकर खात्याच्या टीडीएस विभागाकडे करायची. त्याच्याकडून वसुली करण्याचे सगळे अधिकार त्या विभागाला आहेत. आपल्या अधिकाऱ्याने तरीही वसुलीचा तगादा लावला, तर त्या तक्रारीची शिक्क्याची प्रत आणि कलम २०५ दाखवायचं. तेवढ्यानेही ऐकलं नाही, तर उच्च न्यायालय हाच रस्ता उरतो, आणि ६४,००० रुपयांसाठी तो प्रत्येकीला परवडतो असं नाही. काही जणी अशा वेळी वैतागून पैसे भरतात. नंतर खरेदीदाराने कर भरला तर ते परत मिळतात. पण मग त्याच्यामागे धावणारं आपल्याशिवाय कुणी उरत नाही.

सहीच्या आधी

म्हणून खरी जागरूकता हवी ती सहीच्या दिवशी. आता माझ्याकडे घर विकणारी कुणी आली की मी एकच सांगते. खरेदीदाराला म्हणावं, टीडीएस आजच भरा, आणि चलनाचा क्रमांक, तारीख, बीएसआर कोड खरेदीखतात लिहूनच सही करू. ३० दिवसांची मुदत ही शेवटची तारीख आहे, त्याआधी भरायला कुणाचीच मनाई नाही. मोबाइलवरून दहा-पंधरा मिनिटांत होणारं काम आहे. निबंधक कार्यालयात आपला नंबर लागायला त्याहून जास्त वेळ जातो! इसार घेतला असेल तर त्या रकमेवरही तेव्हाच कपात व्हायला हवी होती, तेही विचारून घ्या. ‘आम्ही भरू हो, विश्वास नाही का?’ असं कुणी म्हटलं तर रागावू नका. विश्वास आहेच, क्रमांकही हवा, असं हसून सांगा.

एक खुलासा. वरची कलमं आणि फॉर्मचे आकडे १९६१ च्या कायद्यातले आहेत, आणि त्या काळातल्या व्यवहारांना तेच लागतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांसाठी २०२५ चा नवा आयकर कायदा आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले आहेत. पण ५० लाखांची मर्यादा, १ टक्क्याची कपात आणि कापलेला कर विकणाऱ्याकडून पुन्हा मागायचा नाही, ही तत्त्वं तिथेही आहेत.

घर विकून महिना-दोन महिने झाले की एकदा २६एएस उघडून बघा, किंवा मुलाला, भाच्याला समोर बसवून उघडायला सांगा. विवरणपत्र भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका. दोन महिन्यांत चूक सापडली तर खरेदीदाराला थोडक्या व्याजात आणि थोडक्या शुल्कात सुटता येतं, आणि त्यामुळे तो ऐकतोही लवकर. खरेदीखताची प्रत, पैसे जमा झाल्याचं पासबुकाचं पान, चलन आणि फॉर्म १६बी, हे चार कागद एका फाइलमध्ये लावा आणि पुढची सात-आठ वर्षं ती फाइल कुणाला हलवू देऊ नका.

(काकूंची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)